सतरावा रोल
(लघुमाहितीपट – निवेदन)

[दृश्य: सकाळ, अक्कलकोट रोड एमआयडीसी. शटर वर जातं. आत आडवे पडलेले क्राफ्ट कागदाचे रोल.]

सोलापूरचा टॉवेल सगळ्यांना ठाऊक आहे. तो ज्या खोक्यात बसून परगावी जातो, त्या खोक्याकडे कुणी बघत नाही. खोक्याचा कागद मिलमधून येतो तो असा, माणसाच्या उंचीपेक्षा रुंद. खोकी बनवणाऱ्याला मात्र एवढा रुंद रोल नको असतो. कुणाला नव्वद सेंटिमीटरचं रीळ हवं, कुणाला पासष्टचं, कुणाला पंचेचाळीसचं. मधलं काम या शेडमधलं आहे.

[दृश्य: स्लिटिंग मशीन. काका दांड्यावरची गोल पाती सरकवतात, स्टीलची पट्टी लावून बघतात.]

रोलची रुंदी २०२ सेंटिमीटर. दोन्ही कडा वाहतुकीत थोड्या दबलेल्या असतात, म्हणून एकेक सेंटिमीटर दोन्हीकडून आधीच काढून टाकायचा. हाताशी उरतात २००. आजच्या ऑर्डरी अशा: ९० ची १२ रिळं, ६५ ची १८ आणि ४५ ची २४. कागद एकाच जाडीचा आणि एकाच प्रतीचा, म्हणून तिन्ही ऑर्डरी एकत्र बसवता येतात. चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणाऱ्या, म्हणजे १२० जीएसएमच्या कागदाची ऑर्डर १५० च्या रोलमधून कापता आली असती, तर हा सगळा हिशेब वेगळाच झाला असता.

[दृश्य: काका कॅमेऱ्यासमोर, मागे मशीनचा आवाज.]

काका: “सोपंय की. आधी नव्वदची लावायची. एका रोलात दोन. सहा रोल झाले. मग पासष्ट, एका रोलात तीन. सहा रोल. मग पंचेचाळीस, चार-चार. परत सहा. अठरा. पाती तीनदाच बदलायची.”

[दृश्य: मशीनखाली साचणारी कागदाची लांब पट्टी. पोत्यात कोंबणारे हात.]

नव्वदची दोन कापली की वीस सेंटिमीटरची पट्टी राहते. ती कुठल्याच ऑर्डरीत बसत नाही. रोलचा दहावा हिस्सा रद्दीच्या पोत्यात जातो, आणि तोही रोलच्या पूर्ण लांबीभर.

[दृश्य: टेबल, वही, बॉलपेन. हिशेब बघणारी काकांची पुतणी.]

आता ही वही नीट बघा. या फिल्ममधलं आमचं सगळ्यात आवडतं दृश्य हेच आहे, आणि त्यात एक बाई फक्त वजाबाक्या करते आहे.

ती विचारते ते असं: २०० सेंटिमीटरात ही तीन मापं किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बसतील? सुरुवात सगळ्यात रुंद मापापासून, जास्तीत जास्त किती बसतात तिथून. नव्वदची दोन, उरले २०, काहीच बसत नाही. पहिली मांडणी झाली. मग नव्वदचं एक कमी करायचं. एक नव्वद, उरले ११०. त्यात एक पासष्ट, उरले ४५, आणि त्यात बरोबर एक पंचेचाळीस. उरलं शून्य. ती त्या ओळीखाली दोनदा रेघ ओढते. पासष्ट न घेता नव्वदसोबत दोन पंचेचाळीस घेतले, तर २० वाया. आता नव्वद अजिबात नको. पासष्टची तीन, ५ वाया. पासष्टची दोन आणि पंचेचाळीसचं एक, २५ वाया. पासष्टचं एक आणि पंचेचाळीसची तीन, पुन्हा शून्य! शेवटी नुसती पंचेचाळीसची चार, २० वाया.

सात ओळी. आठवी नाहीच, कारण मोठ्या मापापासून एकेक कमी करत उतरलं की मधली कुठली मांडणी निसटत नाही.

[दृश्य: वहीवर बोट. खाली दोनदा रेघ ओढलेल्या दोन ओळी.]

इथे घाई केली की फसायला होतं. शून्य वायाच्या दोन मांडण्या सापडल्या, मग त्यातली कुठलीही आधी संपवा, असं वाटतं. पुतणीनं आधी एक पासष्ट आणि तीन पंचेचाळीसची धरली. आठ रोलांत पंचेचाळीसची सगळी २४ रिळं झाली, एक इंचही वाया नाही. पण मग नव्वदला जोडीला कुणी उरलंच नाही. नव्वदचे सहा रोल, प्रत्येकी वीस वाया. पासष्टची दहा राहिली, त्यांना चार रोल. बेरीज अठरा. म्हणजे काकांचाच आकडा, फक्त लांबच्या रस्त्यानं. एकेका रोलची रद्दी बघून हा हिशेब सुटत नाही. सगळ्या ऑर्डरी एकदम बघाव्या लागतात.

[दृश्य: पान उलटतं.]

पुतणी: “काका, अडचण नव्वदची आहे. त्याला चांगली जागा एकाच ओळीत आहे. म्हणून ती ओळ आधी.”

एक नव्वद, एक पासष्ट, एक पंचेचाळीस: असे बारा रोल. नव्वद संपले. पासष्टची सहा आणि पंचेचाळीसची बारा राहिली. एक पासष्ट, तीन पंचेचाळीस: चार रोल. पंचेचाळीस संपले. पासष्टची दोन राहिली, त्याला एक रोल. सतरा. पाती बदलायची तीही तीनदाच.

सोळात जमेल का? सगळ्या ऑर्डरींच्या रुंदीची बेरीज ३३३०. भागिले २००, म्हणजे साडेसोळाच्याही वर. सोळात मावणारच नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा, आकड्यांच्या लांबच लांब रांगा.]

मापं तीनऐवजी तीस झाली की वही पुरत नाही, मांडण्या लाखांवर जातात. माल कापण्याचा हा प्रश्न सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद कांटोरोविच यांनी १९३९ साली लेनिनग्राडमध्ये गणितात मांडला होता. १९६१ मध्ये आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी युक्ती काढली: सगळ्या मांडण्या लिहूच नका. थोड्यांनी सुरुवात करा. त्यातून प्रत्येक मापाची रोलाच्या हिशेबात किंमत ठरते. त्या किमतींना एका रोलाहून महाग पडणारी नवी मांडणी सापडली तर ती आत घ्या, नसेल सापडत तर थांबा. तरी उत्तरात रोलचे तुकडे येतात, ते पूर्णांकात बसवण्याचं काम पुढे राहतंच. आपल्या वहीतही शेवटच्या रोलात तीनऐवजी दोनच पासष्ट लागतात, म्हणून गणित १६ पूर्णांक दोन तृतीयांश म्हणतं, आणि दोन तृतीयांश रोल गोदामात नसतो.

[दृश्य: मशीन. पट्टीवर खडूच्या खुणा: १, ९१, १५६, २०१. अगदी जवळून.]

डावीकडून चार पाती. एक, एक्याण्णव, एकशे छप्पन्न, दोनशे एक. काका दोनदा मोजतात, कारण या मांडणीत क्षमा नाही. जुन्या मांडणीत पातं थोडं सरकलं तर ती चूक वीस सेंटिमीटरच्या पट्टीत जिरायची. इथे सरकलं तर एका गिऱ्हाइकाचं रीळ अरुंद होतं.

[दृश्य: कडेला ठेवलेला रोल, एका बाजूची कड चुरगळलेली. काका बोटानं दाखवतात.]

हा रोल गाडीतून उतरवताना आपटला. एका कडेचे चार सेंटिमीटर गेले, दुसऱ्या कडेचा नेहमीचा एक. उरले १९७. शून्य वायाच्या मांडणीत तो बसणार नाही. हे वहीत नव्हतं. काका सकाळीच तो बाजूला सारून म्हणाले होते, “हा शेवटी.”

[दृश्य: रिळं एकामागून एक निघतात. पुठ्ठ्याच्या नळ्या, चिकटपट्टी. निवेदन नाही.]

एक रोल वाचला, रद्दी कमी झाली. गाडी भरली जाताना आम्ही तिथे नव्हतो.

[दृश्य: संध्याकाळ. चुरगळलेला रोल मशीनवर.]

सतरावा रोल. पासष्टची दोन रिळं निघाली. तिसरंही निघालं असतं, पण ते कुणी मागितलेलं नाही. काका पाती काढून घेतात, उरलेला पट्टा तसाच गुंडाळतात आणि भिंतीशी उभा करतात.

पुतणी: “काका, कापला का नाही?”

काका: “उद्या कुणी साठ मागितलं तर?”

[दृश्य: खडू. रिळावर आकडा उमटतो: ६७.]