केशर दुधात किती आणि कसं भिजवावं

श्रोतेहो, नमस्कार. साखरभाताचा रंग फिका आला, की आपण पुढच्या वेळी केशर वाढवतो. बहुतेकदा वाढवायला हवा असतो तो भिजण्याचा वेळ.

केशराचा पिवळा रंग पाण्यात उतरतो, तुपात नाही. म्हणून लवंगांबरोबर तुपात टाकलेल्या काड्या करपतात, पण रंग देत नाहीत. दुधात बराचसा भाग पाण्याचाच असल्यामुळे रंग तिथे सहज सुटतो. सुगंधाचं मात्र वेगळं आहे. तो वाफेबरोबर उडून जातो, त्यामुळे उकळतं दूध नको. बोटाला चांगलं गरम लागेल, पण वाफा येणार नाहीत, इतपत ते असावं.

आता एक वाटी बासमती तांदळाचा साखरभात घेऊ. त्याला 25 ते 30 काड्या पुरतात. एका ग्रॅमच्या डबीत साधारण 400 ते 500 काड्या असतात, म्हणजे एवढ्या डबीत निदान तेरा-चौदा वेळा तरी भात होईल. तवा गरम करून गॅस बंद करा आणि काड्यांची वाटी त्यावर मिनिटभर ठेवा. काड्या कुरकुरीत झाल्या की चिमूटभर साखरेबरोबर छोट्या खलात खला. साखरेच्या कणांनी काड्या बारीक होतात आणि पूड खलाला चिकटून वाया जात नाही. त्यावर दोन मोठे चमचे गरम दूध घाला, झाकण ठेवा आणि अर्धा तास तरी हात लावू नका. काड्या अख्ख्या ठेवायच्या असतील, तर दोन तास द्या.

हे दूध पाकात घालायचं नाही. पाकात लिंबू पिळलेलं असेल तर दूध फाटतं, शिवाय शिजताना सुगंध जातो. भातात पाक मुरला की वरून दूध शिंपडा, झाकण घाला आणि मंद आचेवर पाच मिनिटं वाफ येऊ द्या. काही शितं गडद, काही फिकी राहतात, मला तोच भात देखणा वाटतो.

अर्धा किलो चक्क्याच्या श्रीखंडाला 20 काड्या पुरेत, कारण ते रात्रभर फ्रिजमध्ये मुरतं आणि सकाळी रंग, वास दोन्ही वाढलेले असतात. म्हणून कालवल्याबरोबर रंग फिका दिसला, तरी आणखी केशर घालू नका. केशराला मुळात कडवट चव आहे. प्रमाण दुप्पट केलं तर गोडाला औषधासारखी चव येते, आणि ती साखरेने झाकत नाही. बाजारातल्या मिठाईसारखा भडक नारिंगी रंग नुसत्या केशराने येत नाही. खऱ्या केशराचा रंग सोनेरी पिवळा असतो.

दुधात टाकताच लाल रंग सुटला आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली समजा. खरी काडी सावकाश पिवळा रंग सोडते आणि बराच वेळ स्वतः लालच राहते.