‘क्लोजिंगचा अनुभव’ म्हणजे नेमकं काय?

(नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या अकाउंटंट्ससमोर नाशिकमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी अंबडच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स बघते. फार मोठी कंपनी नाही आणि अगदी छोटीही नाही. अकाउंट्सला आम्ही पाच जण आहोत. जागा रिकामी झाली की अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि बहुतेक अर्जांत त्याच तीन ओळी असतात: टॅलीचं उत्तम ज्ञान, मंथ-एंड क्लोजिंगचा अनुभव, जीएसटी व टीडीएस रिटर्न भरण्याचा अनुभव. तिन्ही खऱ्या असतील, पण त्यावरून मला माणूस कळत नाही.

टॅलीचं लवकर उरकते. व्हाउचर टाकता येणं आता कुणी कौशल्यात धरत नाही. तुम्ही कंपनीची पुस्तकं सांभाळली आहेत की फक्त एखाद्या दुकानाची, हे मला बघायचं असतं. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. कोणती नोंद कुणी, कधी बदलली, ते सगळं त्यात राहतं. दुकानाच्या टॅलीत मागच्या महिन्यात जाऊन आकडा गुपचूप सरळ करायची सवय ज्याला लागली, त्याला आमच्याकडे पहिले दोन महिने जड जातात. एडिट लॉगवर काम केलं असेल तर अर्जात तसं लिहा, एक ओळ पुरे.

आता क्लोजिंग. एक मुलगा मुलाखतीला आला होता. मी त्याला विचारलं, ‘३० तारखेला माल स्टोअरमध्ये आला, जीआरएन झाला आणि बिल ४ तारखेला आलं. महिना कसा बंद करशील?’ तो म्हणाला, ‘बिल आलं की एंट्री करीन.’ छोट्या ठिकाणी हेच चालतं. पण आमच्याकडे स्टोअरवाल्याने तो माल महिनाअखेरच्या शिल्लक साठ्यात धरलेला असतो. समजा माल ३,२०,००० रुपयांचा आहे. साठ्यात तो आला आणि खरेदीत आला नाही, तर त्या महिन्याचा नफा बरोबर ३,२०,००० ने फुगतो आणि पुढच्या महिन्यात तेवढाच खाली येतो. मालकाला वाटतं जून झकास गेला, जुलै पडला. खरं तर दोन्ही महिने सारखेच असतात.

म्हणून ३० तारखेपर्यंतचे जीआरएन काढायचे, त्यांतल्या कोणत्यांचं बिल बुक झालेलं नाही ते शोधायचं, तेवढ्या रकमेची प्रोव्हिजन जीएसटी न धरता टाकायची आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ती उलटवायची. उलटवायला विसरलात आणि बिलही बुक केलंत, की खरेदी दोनदा लागते. हे पकडायचं कसं? मी ट्रायल बघायच्या आधी मागच्या चार महिन्यांचं ग्रॉस मार्जिन शेजारी शेजारी ठेवते. एका महिन्यात ते उडी मारतं आणि पुढच्यात तेवढंच कोसळतं, तर गडबड बहुतेक वेळा या कट-ऑफमध्येच सापडते. विजेचं बिल, ट्रान्सपोर्ट, ठेकेदाराचं बिल यांचंही असंच, पण त्या रकमा लहान असतात. सगळ्यात मोठा घोळ मालाचा.

टॅक्सचं तिसरं कलम याच क्लोजिंगला जोडलेलं आहे, पण अर्जात ते वेगळं लिहिलेलं असतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांच्या तारखा तुम्हाला पाठ असतील: टीडीएसचा भरणा ७ ला, जीएसटीआर-वन ११ ला, टू-बी १४ ला तयार होतं आणि थ्री-बी २० ला. बटण दाबणं सोपं आहे. खरं काम १४ ते २० मध्ये असतं. त्याचं एक उदाहरण मांडते, आकडे सोपे करून.

मे महिन्याचं क्लोजिंग ६ जूनला झालं. पुस्तकात इनपुट टॅक्स क्रेडिट ४,८६,२०० रुपये. १४ जूनला टू-बी आलं, त्यात ४,५१,१००. फरक ३५,१००. बरेच जण टू-बीचा आकडा थ्री-बीत टाकतात आणि मोकळे होतात. टू-बीत नसलेलं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे रिटर्न चुकत नाही. पण फरकाचं काय?

पार्टीवार लावून बघितलं तर तीन बिलं निघाली. पहिलं एक लाखाचं, त्यावर १८,०००. हा पुरवठादार तिमाही रिटर्न भरतो आणि मे महिन्याची बिलं त्याने मध्ये अपलोड केलीच नव्हती. इथे घाबरायचं कारण नाही. क्रेडिट वेगळ्या लेजरला ठेवायचं आणि तिमाहीचं रिटर्न आलं की घ्यायचं. दुसरं ५५,००० चं, त्यावर ९,९००. याने आपला जीएसटी नंबर न टाकता ते किरकोळ विक्रीत दाखवलं होतं. ते आपोआप कधीच येणार नाही. त्याला फोन करून पुढच्या जीएसटीआर-वनमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत कराएवढी रक्कम थांबवलेली बरी. पैसे पूर्ण मिळाल्यावर फोन उचलणारे पुरवठादार मला फार भेटलेले नाहीत. शिवाय मर्यादा आहे: त्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच.

तिसरं ४०,००० चं, त्यावर ७,२००. पुरवठादाराने सगळं बरोबर केलं होतं, बिल टू-बीत होतं. पण आमच्याकडे ते दोनदा बुक झालं होतं. ईमेलवर आलेली प्रत एकाने ‘१४७’ नंबरने टाकली आणि मालाबरोबर आलेली दुसऱ्याने ‘०१४७’ ने. सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी बिलं वाटली. म्हणजे प्रश्न फक्त ७,२०० चा नव्हता. ४७,२०० रुपये त्या पार्टीला दुसऱ्यांदा जाण्याच्या यादीत होते आणि खरेदी ४०,००० ने जास्त लागली होती.

मग मी त्याच मुलाला हे उदाहरण घातलं आणि विचारलं, ‘दुसरी एंट्री काय करशील?’ ‘डिलीट,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘मे तर ६ तारखेलाच बंद झाला. मालकांकडे नफ्याचा कागद गेलाय.’ तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मग मॅडम, मेला हात नाही लावायचा. जूनमध्ये उलटी एंट्री करायची, नॅरेशनमध्ये जुना व्हाउचर नंबर लिहायचा आणि मेचा खर्च किती चुकला ते मालकांना आधी सांगायचं.’ तेवढ्यावर मी त्याला ठेवला. त्याचा अर्ज मात्र तोच ‘क्लोजिंगचा अनुभव’वाला कागद होता.

नंतर चहाला बसलो तेव्हा त्याने सांगितलं की आधीच्या ठिकाणी, एका होलसेलरकडे, तो दर महिन्याला सव्वाशे-दीडशे बिलं टू-बीशी एक्सेलमध्ये जुळवायचा आणि न आलेल्यांची पार्टीवार यादी करून स्वतः फोन लावायचा. मी विचारलं, ‘अरे, हे लिहिलं का नाहीस?’ तो म्हणाला, ‘हे काय लिहायचं मॅडम, हे तर रोजचंच आहे.’