भाड्याने घेतलेले यंत्र वहीत कुठे लिहायचे?

आजचा विषय नेमका ठेवू या. एका छोट्या उद्योगाने छपाईचे यंत्र पाच वर्षांच्या लीजवर घेतले आहे. वर्षाच्या शेवटी बिल येते, पैसे जातात आणि वही लिहिणारा ती रक्कम सरळ भाडेखर्चात टाकतो. हे केव्हा बरोबर आणि केव्हा चूक, आणि चूक असेल तर बरोबर नोंद कशी करायची, एवढेच आज पाहू.

आधी नियमांची चौकट. मोठ्या कंपन्यांसाठीच्या आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाने २०१९पासून भाड्याने घेणाऱ्याच्या वहीतला ऑपरेटिंग आणि फायनान्स लीज हा भेद काढून टाकला. त्यांच्याकडे जवळपास प्रत्येक लीज ताळेबंदात येते. बारा महिन्यांपर्यंतच्या आणि अगदी किरकोळ किमतीच्या वस्तूंच्या लीजसाठी तेवढी सवलत आहे. लहान उद्योगांसाठीच्या आयएफआरएसच्या विसाव्या प्रकरणात मात्र हा भेद टिकून आहे. मी त्याच चौकटीत बोलतो आहे. तुमचा उद्योग कोणत्या मानकाखाली येतो, हे पहिल्यांदा तपासा, कारण इथे चुकलात तर पुढचे सगळे गणित चुकीच्या पानावर होते.

भेदाचे सूत्र एकच आहे. वस्तूच्या मालकीतून येणारे बहुतेक सगळे धोके आणि फायदे तुमच्याकडे आले असतील, तर ती फायनान्स लीज. ते देणाऱ्याकडेच राहिले असतील, तर ऑपरेटिंग लीज. करारावर काय शीर्षक छापले आहे याला काडीची किंमत नाही. ‘भाडेकरार’ असे ठळक लिहिलेले कागद आतून कर्जाचे असू शकतात.

धोके-फायदे कुणाकडे गेले, हे करारात शोधायच्या खुणा आहेत. शेवटी मालकी तुमच्याकडे येते का? येत नसेल, तर बाजारभावापेक्षा इतक्या कमी किमतीत यंत्र विकत घेता येते का, की तुम्ही ते घेणारच हे आजच दिसते? यंत्राच्या उपयुक्त आयुष्याचा मोठा भाग लीजमध्ये संपतो का? हप्त्यांचे आजचे मूल्य, म्हणजे त्यांतले व्याज वगळून उरणारी रक्कम, यंत्राच्या रोखीच्या किमतीच्या जवळपास भरते का? यंत्र फक्त तुमच्याच कामाचे आहे आणि मोठा बदल केल्याशिवाय दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही, असे आहे का? यांतली एखादी खूणही पुरेशी ठरू शकते. त्यांच्या जोडीला दुय्यम खुणाही वाचा: मुदतीआधी करार मोडल्यास देणाऱ्याचे नुकसान तुम्ही भरायचे असेल, किंवा मुदतीनंतर नाममात्र भाड्यावर यंत्र पुढे ठेवता येत असेल, तर पारडे फायनान्सकडे झुकते.

पंचाहत्तर टक्के आयुष्य आणि नव्वद टक्के मूल्य, हे आकडे तुम्ही ऐकले असतील. ते १९७६च्या जुन्या अमेरिकी मानकातून आले. आंतरराष्ट्रीय मानकात अशी रेषा नाही, तिथे शब्द आहेत ‘मोठा भाग’ आणि ‘जवळपास सगळे’. अंदाजासाठी आकडे वापरा, पण एकोणनव्वद टक्के आले म्हणून सुटलो, असे म्हणू नका.

आता आपले यंत्र. रोखीने घेतले तर किंमत १०,००,०००. चलन कोणतेही धरा. आयुष्य सहा वर्षे, लीज पाच वर्षांची, शेवटी यंत्र परत. दर वर्षअखेर २,८०,००० द्यायचे, त्यातले ३०,००० देखभालीचे. बहुतेक वह्यांत पहिली चूक इथेच होते. देखभाल ही सेवा आहे, यंत्राच्या किमतीचा भाग नाही. ते ३०,००० वर्षाच्या खर्चात जातील आणि गणितात फक्त २,५०,००० येतील. बिलात देखभाल वेगळी दाखवलेली नसेल, तर तशी सेवा बाहेरून घेतली असती तर किती पडली असती, त्यावरून अंदाज करा. बिलातला परत मिळणारा विक्रीकरही असाच बाजूला काढायचा.

यानंतर व्याजदर. देणाऱ्याचा अंतर्भूत दर, म्हणजे या करारातून त्याला सुटणारा व्याजदर, कळला तर तो वापरतात, पण तो काढायला मुदतीनंतर यंत्राचे किती येतील हा देणाऱ्याचा अंदाज माहीत असावा लागतो आणि तो सहसा सांगितला जात नाही. मग तेवढ्याच मुदतीचे, तसल्याच तारणावरचे कर्ज तुम्हाला कोणत्या दराने मिळाले असते, तो दर घ्यायचा. आपण १० टक्के धरू. स्प्रेडशीटमध्ये:

```
=PV(10%,5,-250000)
```

उत्तर ९,४७,६९७. रोख किमतीच्या हे जवळपास ९५ टक्के आहे. शिवाय सहापैकी पाच वर्षे यंत्र तुमच्याकडे. शेवटी यंत्र परत जात असले, तरी या दोन खुणा पुरेशा आहेत. ही फायनान्स लीज आहे.

पहिल्या दिवशी यंत्र खाते नावे ९,४७,६९७ आणि लीज देणे खाते जमा तेवढेच. रोख किंमत आणि हप्त्यांचे आजचे मूल्य, यांत जे कमी ते लिहायचे. पाच हप्त्यांची बेरीज करून १२,५०,००० चे यंत्र दाखवणे ही चूक आहे, कारण त्यात न झालेले व्याज मालमत्ता म्हणून शिरते.

त्यानंतर प्रत्येक हप्ता व्याज आणि मुद्दल यांत फोडायचा. वर्षाच्या सुरुवातीच्या देण्यावर १० टक्के हे व्याज, उरलेले मुद्दल:

| वर्ष | व्याज | मुद्दल | उरलेले देणे |
|---|---|---|---|
| १ | ९४,७७० | १,५५,२३० | ७,९२,४६७ |
| २ | ७९,२४७ | १,७०,७५३ | ६,२१,७१४ |
| ३ | ६२,१७१ | १,८७,८२९ | ४,३३,८८५ |
| ४ | ४३,३८९ | २,०६,६११ | २,२७,२७४ |
| ५ | २२,७२६ | २,२७,२७४ | ० |

शेवटच्या ओळीत एक-दोनचा फरक पूर्णांकामुळे येतो, तो व्याजात जिरवायचा. देणे मात्र शून्यावर यायलाच हवे. ते आले नाही, तर दर, हप्ता किंवा हप्त्याची वेळ, यांपैकी काहीतरी चुकले आहे.

घसारा वेगळा. मालकी तुमच्याकडे येणार असल्याची वाजवी खात्री नाही, म्हणून मुदत आणि आयुष्य यांतले जे कमी ते घ्यायचे, म्हणजे पाच वर्षे. वर्षाला १,८९,५३९. मालकी येणार असती, तर सहा वर्षांवर पसरले असते.

आता पहिल्या वर्षाचा खर्च पाहा. व्याज ९४,७७० आणि घसारा १,८९,५३९, मिळून २,८४,३०९. भाडे म्हणून लिहिले असते, तर २,५०,०००. पाचव्या वर्षी उलटे होते: खर्च साधारण २,१२,००० वर येतो. पाच वर्षांची बेरीज दोन्ही रीतींनी १२,५०,००० च. एकूण खर्च बदलत नाही, वर्षावर्षांत वाटणी बदलते आणि ताळेबंदावर देणे उभे राहते. कर्ज देणारी बँक जेव्हा उद्योगावरची एकूण देणी बघते, तेव्हा हे नऊ-साडेनऊ लाख दिसणे किंवा लपणे यात मोठा फरक असतो.

इथे एक पडताळा आहे, तो दर वर्षाखेरीस करा. पहिल्या वर्षाअखेर यंत्राचे वहीतले मूल्य ७,५८,१५८ आणि देणे ७,९२,४६७. फरक ३४,३०९. सुरुवातीपासूनच्या एकूण खर्चातून तोवर दिलेले सगळे हप्ते वजा करा, पहिल्या वर्षी २,८४,३०९ वजा २,५०,०००, आणि तोच आकडा येतो. दोन्ही जुळले की नोंदी बरोबर. यंत्राचे मूल्य आणि देणे नेहमी समान असावे असे समजून कुणी जुळवाजुळव करत असेल, तर ते थांबवा. ते पहिल्या दिवशी समान असतात आणि मधल्या काळात सहसा वेगळे.

ताळेबंद मांडतानाची चूकही नेहमीची आहे. पुढच्या वर्षात द्यायचे म्हणून २,५०,००० चालू देण्यांत टाकतात. पुढच्या हप्त्यातले व्याज अजून झालेलेच नाही. चालू भाग फक्त मुद्दलाचा, १,७०,७५३, आणि उरलेले ६,२१,७१४ दीर्घ मुदतीचे.

हप्ता वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा असेल तर काय होते, हे थोडे थांबून पाहा. बाकी सगळे तेच, फक्त सूत्राच्या शेवटी १ लागतो:

```
=PV(10%,5,-250000,0,1)
```

उत्तर १०,४२,४६६, रोखीच्या किमतीपेक्षा जास्त. मग ‘जे कमी ते’ या नियमाने यंत्र १०,००,००० ला लिहायचे. पण आता १० टक्क्यांनी व्याज काढत गेलात, तर पाचवा हप्ता पूर्ण भरण्याआधीच देणे संपते आणि तो भरला की उणे होते. दर नव्याने काढावा लागतो:

```
=RATE(5,-250000,1000000,0,1)
```

तो साधारण १२.५९ टक्के येतो. पहिला हप्ता पहिल्याच दिवशी जातो, म्हणून त्यात व्याज शून्य आणि पहिल्या वर्षाचे व्याज ७,५०,००० वर. हे सूत्र वहीपुरते ठेवू नका. करारावर सही करण्याआधी चालवलेत, तर दहा टक्क्यांच्या बँक कर्जापेक्षा ही लीज किती महाग पडते, ते तिथेच कळते.

ऑपरेटिंग लीज सोपी आहे, तरी एक जागा निसरडी. समजा एक उपकरण तीन वर्षांसाठी घेतले, त्याचे आयुष्य दहा वर्षांचे, मुदतीनंतर परत. पहिले तीन महिने भाडे माफ, पुढचे ३३ महिने २०,०००. खर्च पैसे देण्याच्या तालावर लिहायचा नाही, वापराच्या काळावर समान पसरायचा: ६,६०,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला १८,३३३. पहिल्या तीन महिन्यांत काहीच दिले नाही, तरी भाडेखर्च नावे आणि देय भाडे जमा. तिसऱ्या महिन्याअखेर देय भाडे ५५,००० होते, मग दर महिन्याला १,६६७ नी कमी होत छत्तिसाव्या महिन्यात शून्य. माफीच्या काळात खर्च शून्य दाखवला, तर ते वर्ष उगाच नफ्याचे दिसते. वाढते भाडे सामान्य महागाईच्या अपेक्षित दरानुसार ठरलेले असेल, तर मात्र पसरवत नाहीत, जसे देय तसे लिहितात.

सुरुवातीला दिलेली परत मिळणारी अनामत यात मिसळू नका. ती भाडे नाही, येणे आहे. करार आधीच रद्द करता येत नसेल, तर पुढे द्यायचे भाडे तळटिपांत एका वर्षाच्या आतले, एक ते पाच वर्षांतले आणि त्यापुढचे, असे तीन गटांत दाखवावे लागते, कारण ताळेबंदात ते दिसत नाही.

वर्गीकरण लीजच्या सुरुवातीला एकदाच ठरते. यंत्राच्या आयुष्याचा अंदाज पुढे बदलला, म्हणून ते बदलत नाही. दोन्ही पक्षांनी अटी बदलल्या, तर नव्याने पाहायचे. साधे नूतनीकरण त्यात धरत नाहीत. म्हणून सहीच्या आठवड्यातच एक पान लिहून करारासोबत लावा: रोख किंमत, आयुष्य, मुदत, हप्ता आणि त्याची वेळ, देखभालीचा भाग, वापरलेला दर आणि तो का, निष्कर्ष. तीन वर्षांनी लेखापरीक्षक विचारेल तेव्हा दर कुठून आला, हे कुणाच्याच लक्षात नसते. आयकराचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि ते वहीतल्या वर्गीकरणामागे जातीलच असे नाही, तेव्हा करासाठीचा घसारा किंवा भाडे याचे टिपण त्याच पानाच्या मागे ठेवा.