ओमेगा-थ्रीची अंडी: जादा पैसे नेमके कशाचे?

ओमेगा-थ्री ही एक प्रकारची चरबी, पण अंड्यात ते कोणी बाहेरून घालत नाही. ते कोंबडीच्या खाद्यातून येतं, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरतात तो आपला जवस. विदर्भात ज्याची चटणी करतात, तोच. शंभर किलो खाद्यात साधारण दहा किलो जवस घालतात. अंड्यावरची कोंबडी रोज 110 ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे 11 ग्रॅम जवस तिच्या पोटात जातो. दोन-तीन आठवड्यांत बलकातली चरबी बदलते.

आता इथे नीट ऐका. ओमेगा-थ्रीचे प्रकार आहेत, आणि जवसात असतं ते एएलए. त्यातलं थोडं तसंच बलकात उतरतं, आणि थोड्याचं कोंबडीचं यकृत डीएचए हा दुसरा प्रकार बनवतं. मेंदूला आणि डोळ्यांना लागतं ते हे डीएचए. आपलं शरीरही एएलएपासून डीएचए करतं, पण फारच कमी. साध्या अंड्यात डीएचए 30 ते 50 मिलिग्रॅम असतं, जवसावरच्या अंड्यात 80-100 पर्यंत जातं. जवस आणखी वाढवला तर एएलए वाढत राहतं, डीएचए मात्र तिथेच अडतं. वर अंड्याला माशासारखा वास येऊ लागतो, कोंबड्यांची विष्ठा चिकट होते आणि अंडी कमी मिळतात.

खर्च मांडून बघू. जवस शंभर रुपये किलो धरा. 11 ग्रॅमचे झाले एक रुपया दहा पैसे. तेवढ्या मका-सोयाबीनचे तीस-पस्तीस पैसे वाचले. कोंबडी रोज अंडं देतेच असं नाही, तेव्हा अंड्यामागे जादा खर्च रुपयाच्या आत-बाहेर. जीवनसत्त्व ई आणि प्रयोगशाळेतली तपासणी धरून आणखी थोडा. साध्या अंड्यापेक्षा पाच-सहा रुपये जास्त घेतले, तर त्यातले बरेचसे खोक्याचे आणि जाहिरातीचे.

एएलएसाठी हे पैसे देऊ नका. त्या अंड्यातलं सगळं एएलए तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. चमचाभर जवसाच्या कुटात, तीस पैशांत, त्याच्या दुप्पट मिळतं. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाणाऱ्या घरालाही या अंड्यांची गरज नाही. पण अंडी चालतात आणि मासे चालत नाहीत, अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ. त्यांना अंड्यामागे जादा पन्नासेक मिलिग्रॅम डीएचए मिळतं, आणि त्यासाठी दोन-तीन रुपये जास्त गेले तर मी नाही म्हणणार नाही.

खोक्यावर नुसतं ‘ओमेगा-थ्री 400 मिलिग्रॅम’ छापलं असेल तर त्यात बहुतेक एएलएच असणार. डीएचए वेगळं लिहिलेलं आहे का, ते बघा. आणि बलक केशरी आहे म्हणून भुलू नका. तो रंग झेंडूच्या अर्कानेही आणता येतो, ओमेगा-थ्रीला स्वतःचा रंगच नाही.