कूलरच्या तळाचं दोन बोटं पाणी

नमस्कार श्रोतेहो! नागपुरात पावसाळा लागला की कूलरचा पंप बंद होतो आणि नुसता पंखा सुरू राहतो. टाकीत उन्हाळ्याचं पाणी तसंच असतं. आपल्या वॉर्डाच्या डेंगू जागृतीत मला आज फक्त या टाकीबद्दल बोलायचं आहे.

बूच काढलं की टाकी रिकामी झाली असं वाटतं, पण बूच बहुतेक वेळा तळापासून थोडं वर असतं. खाली दोन बोटं पाणी उरतं आणि डेंगूच्या डासाला तेवढं पुरतं. हा एडिस डास गटारापेक्षा घराजवळचं असं साधं, साचलेलं पाणीच पसंत करतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा.

रविवारची सकाळ झाली, कूलर करा रिकामा,
घासा, पुसा, उन्हात ठेवा, मगच दुसऱ्या कामा!

यातलं 'घासा' हेच सर्वात जास्त राहून जातं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवून. बारीक, काळी असतात, काजळीचे ठिपकेच वाटतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच राहतात, कित्येक महिने कोरडी टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. हिवाळाभर गच्चीवर पडलेल्या कूलरमध्ये एप्रिलात पाणी भरताच अळ्या दिसतात, त्या बऱ्याचदा अशा जुन्या अंड्यांतूनच आलेल्या असतात.

पाणी गेलं, अंडी राहिली, डास येतील फिरून,
कूलरची टाकी घासून काढा काथ्या हाती धरून!

अळी ओळखणं सोपं आहे. पाण्यावर टॉर्च मारा. शेपटीकडची नळी वर आणि डोकं खाली अशी ती लटकलेली असते. सावली पडताच वळवळत तळाशी जाते, म्हणून मिनिटभर थांबून पुन्हा पाहा. श्वासासाठी तिला वर यावंच लागतं. ते पाणी नालीत सोडू नका, कोरड्या मातीवर पसरून ओता.

टॉर्च मारा, नीट पाहा, वळवळ दिसली कुठे?
त्याच पाण्यातून आठवड्यात डासांचा थवा उठे!

दुसऱ्या मजल्यावर खिडकीला ठोकलेला कूलर उतरवता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिथं उरलेलं पाणी मगाने उपसा, मग जुन्या फडक्याने तळ आणि कडा टिपून घ्या. फडकं उन्हात वाळवा. वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवू नका, काढून सुकवा. आणि धुराची गाडी येऊन गेली म्हणून हे काम टाळू नका, बरं का! तो धूर उडत्या डासासाठी असतो, पाण्यातल्या अळीपर्यंत पोचत नाही.

धूर उडत्या डासाला, अळी राहते पाण्यात,
गाडी गेली तरी काथ्या असू द्या ना हातात!

महापालिकेचे कर्मचारी टाकी बघायला आले, तर त्यांना मागच्या खिडकीपर्यंत घेऊन जा. समोरच्या खोलीतला कूलर बहुधा स्वच्छच असतो.