पांढऱ्या केसांवर मेंदी

[दृश्य: ओट्यावर लोखंडी कढई, तिच्यात कालवलेली मेंदी. वर काळपट साय धरली आहे.]

सांगलीतलं एक घर. रविवार सकाळ. मावशींनी रात्रीच मेंदी भिजत घातली आहे. केस मानेपर्यंत, म्हणून शंभर ग्रॅम पावडर, चहाचं कोमट पाणी आणि लिंबाच्या दोन फोडी. सकाळी कढईत वरचा थर काळा पडलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आता केसही काळे होणार.

तसं होत नाही. वरचा थर हवा लागून काळवंडतो. खालची मेंदी चमच्याने उकरली की हिरवट-तपकिरीच निघते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला चिकटतं आणि त्याचा रंग तांबूस-केशरी. काळ्या केसावर तो नुसता लालसर झाक देतो, उन्हात उभं राहिल्यावरच कळणारी. पांढऱ्या केसाला स्वतःचा रंगच नसतो, त्यामुळे तिथे दिसतो तो निव्वळ मेंदीचा रंग. मावशींचे केस कानशिलांवर आणि भांगाजवळ पिकलेत. धुतल्यावर तिथे भडक केशरी पट्टे उमटणार, बाकीचे केस होते तसेच राहणार.

[दृश्य: त्याच कानशिलाचे जवळून दोन फोटो, धुतल्या दिवशीचा आणि तिसऱ्या दिवशीचा.]

पहिल्या दिवशीचा रंग बघून घाबरू नये. दोन-तीन दिवसांत तो मुरतो आणि तांब्यासारखा होतो. चहा आणि लोखंडी कढईने रंगाला थोडी गडद छटा येते, पण तपकिरीच्या पुढे गाडी जात नाही.

काळाच रंग हवा असेल, तर मेंदी धुतल्यावर दुसरा हात द्यावा लागतो, नीळ पावडरचा. ही नीळ म्हणजे नीळीच्या झाडाची वाळवलेली पानं. कपड्यांची नीळ नव्हे! ती कोमट पाण्यात चिमूटभर मिठासह कालवायची, दहा-पंधरा मिनिटांनी लगेच लावायची आणि तासाभराने धुवायची. रात्रभर भिजवली तर तिचा जोर जातो. आणि मेंदीचा हात न देता नुसती नीळ पांढऱ्या केसांवर लावली, तर ते निळसर-हिरवट दिसतात.

बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पाकिटं वेगळी. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पावडर निव्वळ मेंदी असूच शकत नाही. तिच्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो आणि काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. कानामागे थोडी लावून दोन दिवस थांबायला हवं. बहुतेक जण थांबत नाहीत.

[दृश्य: सूनबाई हातमोजे चढवते. मावशींच्या खांद्यावर जुना टॉवेल.]

कपाळ रंगतं ते बहुतेक मेंदी पातळ झाल्यामुळे. ती भज्यांच्या पिठाइतकी दाट हवी, ब्रशवरून ओघळू नये. सूनबाई आधी कपाळाच्या कडेला, कानांच्या पाळ्यांवर आणि मानेवर व्हॅसलीन लावते. मात्र ते केसांच्या मुळांपासून बोटभर दूर ठेवते. व्हॅसलीन केसाला लागलं की तिथे रंग धरत नाही, आणि नेमके तिथलेच केस पिकलेले असतात. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुतलेले आहेत, तेल नाही. सुरुवात कानशिलांपासून, कारण पांढरा केस राठ असतो आणि त्याला रंग धरायला जास्त वेळ लागतो.

डाग पडला तर ओल्या कापसाने तिथल्या तिथे पुसायचा. पाच मिनिटं गेली की तो बसलाच. मग तेल चोळून थोडा फिका करता येतो, बाकीचा कातडीबरोबर चार-सहा दिवसांत निघून जातो. डोक्याला प्लास्टिकची टोपी घातली की मेंदी वाळत नाही आणि ओघळतही नाही. दोन-तीन तास पुरे.

[दृश्य: बादलीत तांबूस पाणी. मावशी केस बोटांनी मोकळे करतायत.]

आता तक्रार एकच असते: केस झाडूसारखे झाले. मेंदीचा थर केसावर बसतो, केस ताठ होतो. पिकलेला केस मुळातच कोरडा, त्यात चहा आणि लिंबू आणखी कोरडेपणा आणतात. मेंदी डोक्यावर वाळून खडखडीत झाली, तर धुताना केस तुटतातही. ज्यांचे केस आधीच रुक्ष आहेत, त्यांनी चहा-लिंबू वगळून मेंदी नुसत्या पाण्यात भिजवावी. रंग थोडा कमी येईल, तेवढं चालवून घ्यावं. मेंदीत तेल मात्र मिसळू नये, त्याने रंग अडतो.

मावशी आज साध्या पाण्यानेच धुतात. संध्याकाळी केस वाळल्यावर खोबरेल तेल, शाम्पू उद्या. महिन्याभराने मुळं पुन्हा पांढरी दिसू लागतील, तेव्हा मेंदी फक्त तेवढ्यावरच लावायची. दर वेळी टोकांपर्यंत थर चढवला, की टोकं मुळांपेक्षा काळपट दिसतात आणि कोरडीही तीच पडतात. मुळांपुरती पन्नास ग्रॅमही भरपूर होते.