गोळी, क्वार्टर आणि मध्यरात्रीची भोवळ

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. नाशिकमधल्या माझ्या दवाखान्यातही पुरुष तो अगदी शेवटी काढतात, निघताना, दाराशी उभं राहून.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. अंबडच्या कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ, वय चव्वेचाळीस. रोज रात्री एक क्वार्टर, म्हणजे 180 मिली व्हिस्की. वर्षभरापासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नव्हती. मित्राच्या सांगण्यावरून त्याने चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून सिल्डेनाफिलची 50 मिलिग्रॅमची गोळी आणली. शनिवारी क्वार्टर संपवली, मटण-भाकरी पोटभर खाल्ली, वर गोळी घेतली. अर्ध्या तासात काहीच झालं नाही, म्हणून दुसरी घेतली. त्यानंतरही काही झालं नाही. रात्री दोनला लघवीला उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीच्या दारात पडला. भुवईवर टाके पडले.

आता हे का झालं ते बघू. ही गोळी आपणहून ताठरता आणत नाही. मनात इच्छा जागी झाली की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत लिंगाकडे निरोप जातो, तिथे नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. गोळी एवढंच करते की ती सैल झालेली स्थिती लवकर ओसरू देत नाही. निरोपच निघाला नाही, तर गोळीला करण्यासारखं काही उरत नाही. आणि दारू नेमकी त्या निरोपावरच घाव घालते. एखाद्या पेगने संकोच कमी होतो, हे खरं. क्वार्टरने मेंदू आणि मज्जातंतू सुस्तावतात. त्यात तेलकट, जड जेवणामुळे सिल्डेनाफिलचा असर तासभर लांबतो. एरवीही तिला अर्धा ते एक तास लागतोच. म्हणून 'लागू पडली नाही' असं ठरवून दुसरी गोळी घेणं धोक्याचं आहे. चोवीस तासांत एकच, हा नियम आहे.

आणि भोवळ? दारू रक्तवाहिन्या सैल करते, लघवीवाटे शरीरातलं पाणीही घालवते. सिल्डेनाफिलही रक्तदाब थोडा उतरवते. झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, दाब आणखी पडतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. निरोगी माणसाला एका पेगवर एका गोळीने सहसा एवढा त्रास होत नाही. क्वार्टरवर दोन गोळ्या ही गोष्ट वेगळी. टाडालाफिल नावाच्या गोळीचा असर तर छत्तीस तासांपर्यंत राहतो, म्हणजे शनिवारी रात्री घेतलेली गोळी रविवारच्या बैठकीतही अंगात असते.

इथे नाशिककरांना एक सांगायलाच हवं. 'डॉक्टर, मी दारू नाही, फक्त वाइन घेतो,' हे मी फार ऐकतो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनच्या 750 मिलीच्या बाटलीत सुमारे 74 ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये साधारण 61 ग्रॅम.

पडण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटली ती त्याच्या दुसऱ्या तक्रारीची. पहाटे झोपेत येणारी ताठरता जवळजवळ बंद झाली होती, बायकोजवळ जावंसंच वाटत नव्हतं आणि तळपायांना मुंग्या येत होत्या. पहाटे नीट ताठरता येत असेल, तर अडचण बहुधा मनाची किंवा त्या रात्रीच्या दारूची असते. पहाटेची ताठरताच गेली की कारण शरीरात शोधावं लागतं. वर्षानुवर्षांच्या भरपूर दारूने वृषणांत टेस्टोस्टेरॉन कमी तयार होतं, म्हणून इच्छाच मावळते. यकृत खराब झालं की स्त्री-संप्रेरकांचं प्रमाण वाढतं, काहींची छाती सुजते. मज्जातंतूही झिजतात. मात्र हीच लक्षणं मधुमेहात आणि रक्तवाहिन्यांच्या आजारातही दिसतात, म्हणून साखर, रक्तदाब, यकृत आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन तपासायचं. सगळं दारूच्या माथी मारून चालत नाही.

त्याची साखर ठीक निघाली, टेस्टोस्टेरॉन कमी होतं. त्याची दारू आम्ही औषधांच्या आधाराने सोडवली. रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. चारेक महिन्यांनी पहाटेची ताठरता परत आली, इच्छाही. पायांच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. मज्जातंतू सावकाश भरून येतात, कधी अर्धवटच.

शेवटी, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असणाऱ्यांनी या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. रक्तदाब जीवघेणा कोसळतो. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर 108 ला फोन करा, घरातली सॉर्बिट्रेट घेऊ नका. आलेल्या डॉक्टरांना गोळीचं नाव, किती घेतली, किती वाजता घेतली आणि किती प्यायलात, हे बायकोमुलांसमोर असलात तरी सांगा. नमस्कार.